कुलूप मोठ्यांच्या प्रोफाइलला

नाशिकच्या एका घरात आजी, आई-बाबा आणि 8 वर्षांची नात एकाच टीव्हीवर नेटफ्लिक्स पाहतात, असे समजू. एका खात्यात 5 प्रोफाइल करता येतात आणि प्रत्येकाची पाहिल्याची नोंद व शिफारशी वेगळ्या राहतात. नातीचे प्रोफाइल मुलांचे ठेवून वयाची मर्यादा ठरवली, की तिला तेवढेच कार्यक्रम दिसतात. भारतात 2021च्या नियमांनुसार ‘यू/ए 13+’ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलपाची सोय देणे बंधनकारक आहे.

मात्र इथेच नेहमीची चूक होते. मुलीच्या प्रोफाइलला पिन लावला, तर तीच बाहेर अडकते; शेजारचे बाबांचे चित्र दाबून आत जायला मात्र कोणीच अडवत नाही. म्हणून चार अंकी पिन आजीसकट सगळ्या मोठ्यांच्या प्रोफाइलना हवा. ब्राउझरमध्ये Account उघडून प्रोफाइल निवडावे, Profile Lock मध्ये खात्याचा पासवर्ड देऊन पिन ठरवावा. नवे प्रोफाइल जोडतानाही पिन मागण्याचा पर्याय तिथेच चालू करावा, नाहीतर मूल स्वतःसाठी बिनकुलपाचे नवे प्रोफाइल उघडू शकते. खात्याच्या पासवर्डने पिन बदलता येतो, त्यामुळे तो पासवर्ड मुलांना ठाऊक नसावा.