कुरडईची कॅटलॉग-नोंद

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर या भागात उन्हाळी वाळवण घरातूनच विकायचे झाल्यास आता व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, म्हणजे वस्तूंची छायाचित्रे, नावे, किमती आणि वर्णने एकत्र दाखविणारी यादी, हाती असतो. मात्र त्यातील एखादी नोंद अशी हवी की ती वाचून गिऱ्हाइकाला काहीही विचारावे न लागता मागणी नोंदविता यावी.

कुरडईच्या बाबतीत पहिला प्रश्न मापाचा येतो. ओळखीत ती शेकड्याने दिली जाते, परंतु नागपूरला पार्सलने गेलेल्या कुरडयांपैकी काही वाटेत तुटतातच, आणि नग मोजून पैसे घेतले असतील तर चुऱ्यावरून वाद उभा राहतो. वजन मात्र तुटल्याने घटत नसल्यामुळे दूरच्या विक्रीसाठी वजनाचेच माप धरावे आणि नगांची संख्या अंदाज म्हणून सांगावी. ‘१ किलोचा भाव’ एवढेच लिहिणेही अपुरे ठरते, कारण कार्टमध्ये, म्हणजे निवडलेल्या वस्तूंच्या यादीत, गिऱ्हाईक ‘३’ हा आकडा टाकते तेव्हा तो आकडा किलोचा की पुड्यांचा हे कळत नाही. म्हणून अर्धा किलो आणि एक किलो यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात.

नमुन्यादाखल काल्पनिक किमतीची एक नोंद अशी करता येईल:

गव्हाची कुरडई, अर्धा किलोचा पुडा
१८० रुपये
कच्ची, तळून खायची. गव्हाचा चीक आणि मीठ, रंग नाही. अंदाजे २५ नग. प्रवासात काही तुटू शकतात, वजन पूर्ण मिळेल. पार्सलखर्च वेगळा. मागणीसोबत पत्ता आणि पिनकोड पाठवावा.

येथे ‘कच्ची’ हा शब्द वर्णनात सर्वांत आधी आला आहे, कारण यादीत वर्णनाचा आरंभच तेवढा दिसतो आणि फुललेल्या पांढऱ्या कुरडईचे छायाचित्र पाहून मागविणाऱ्याला आलेल्या लहान कडक चकत्या फसवणूक वाटू शकतात. छायाचित्रातही तळलेली आणि न तळलेली कुरडई एकाच ताटलीत शेजारी ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो. चवीची विशेषणे गाळली तरी चालतात; ‘अस्सल’ आणि ‘घरगुती’ हे शब्द तर प्रत्येकच पुड्यावर असतात.

एकच प्रश्न चॅटमध्ये वारंवार येऊ लागला, तर त्याचे उत्तर नोंदीत नाही असे समजून ते तेथे घालावे, नाहीतर ‘किती दिवस टिकते?’ याचे उत्तर दिवसभर टाइप करीत बसावे लागते. कार्टमधून मागणी आली म्हणजे पैसे आले असे होत नसल्यामुळे पार्सलखर्चासह एकूण रक्कम कळवून, ती जमा झाल्यावरच पुडा बांधणे बरे. चीक शिजवून सोऱ्याने पाडलेली कुरडई कडक उन्हातच नीट वाळत असल्याने पावसाळ्यात साठा संपला की नोंद पुसून न टाकता लपवून ठेवावी, म्हणजे पुढच्या चैत्रात किंमत तेवढी बदलून ती पुन्हा दाखविता येते.