स्थानिक उद्योग, राष्ट्रीय वाढ आणि बार्टिक यांचे साधन

एखाद्या शहरात रोजगार वाढला आणि मजुरीही वाढली, तर त्यातून काय समजायचे? कारखान्यांची कामगारांसाठीची मागणी वाढली असेल, तर दोन्ही एकत्र वाढतात. पण शहर राहायला चांगले म्हणून बाहेरून माणसे आली असतील, तर रोजगार वाढतो आणि मजुरी उलट दबते. प्रत्यक्ष आकड्यांत मागणी आणि पुरवठा हे दोन्ही बदल मिसळलेले असतात. त्यामुळे रोजगार एक टक्क्याने वाढवायचा तर मजुरी किती वाढावी लागते, हे त्या आकड्यांवरून थेट काढता येत नाही. त्यासाठी मागणी हलवणारा, पण पुरवठ्याशी संबंध नसलेला असा एक घटक शोधावा लागतो. अर्थमितीत त्याला साधन चल म्हणतात.

असे साधन तयार करण्याची एक युक्ती अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ टिमोथी बार्टिक यांच्या १९९१ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी ऑलिव्हिए ब्लँचार्ड आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी ती अमेरिकेतील राज्यांच्या अभ्यासात वापरली. तिला बार्टिक साधन किंवा शिफ्ट-शेअर साधन म्हणतात. प्रत्येक शहरातील रोजगारात कोणत्या उद्योगाचा किती वाटा आहे ते पाहायचे, तो उद्योग देशभरात किती वाढला त्या दराने त्या वाट्याला गुणायचे आणि सगळ्या उद्योगांची बेरीज करायची. शहरातला प्रत्येक उद्योग देशाच्या सरासरी गतीने वाढला असता, तर तिथला रोजगार किती वाढला असता, हे त्या बेरजेतून कळते.

समजा, एका शहरात ४० टक्के कामगार मोटारनिर्मितीत, १० टक्के तेल उत्खननात आणि बाकीचे ५० टक्के इतर उद्योगांत आहेत. दुसऱ्या शहरात हेच वाटे ५, ३० आणि ६५ टक्के आहेत. दहा वर्षांत देशभरात मोटारनिर्मितीतील रोजगार १० टक्क्यांनी घटला, तेलातला २० टक्क्यांनी वाढला आणि इतर उद्योगांतला ४ टक्क्यांनी वाढला. पहिल्या शहराची बेरीज उणे ४, अधिक २, अधिक २, म्हणजे शून्य येते. दुसऱ्याची उणे ०.५, अधिक ६, अधिक २.६, म्हणजे ८.१ टक्के. आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहायचे. पहिल्या शहरात रोजगार १ टक्क्याने आणि मजुरी २ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात ७ आणि ५ टक्क्यांनी, असे धरू. साधनाने निर्माण केलेल्या फरकाच्या आधारे रोजगारातला फरक ६ आणि मजुरीतला ३ आहे. म्हणजे रोजगारातील एक टक्का वाढीमागे मजुरी अर्धा टक्का वाढते. खऱ्या अभ्यासात शेकडो प्रदेश असतात, पण हिशोबाचा गाभा हाच असतो.

दोन खबरदाऱ्या यातच येतात. उद्योगांचे वाटे अभ्यासाच्या काळाआधीचे घ्यावे लागतात, नाहीतर ज्या बदलाचे कारण शोधायचे तोच बदल साधनात शिरतो. आणि राष्ट्रीय दर काढताना ते शहर वगळावे लागते. देशातला निम्मा मोटार उद्योग एकाच शहरात असेल, तर त्या शहरातली घसरणच ‘राष्ट्रीय’ घसरण म्हणून परत त्याच्यापुढे येईल.

एवढे केले तरी साधन वैध ठरत नाही. राष्ट्रीय दर सर्व शहरांना समान असतात. शहराशहरांतला फरक फक्त वाट्यांमधून येतो. मग साधनाला खरी विश्वासार्हता कुठून मिळते, वाट्यांतून की राष्ट्रीय धक्क्यांतून? अनेक वर्षे अभ्यासकांनी हा प्रश्न मोघम ठेवला. अलीकडे त्याची दोन स्पष्ट उत्तरे पुढे आली आहेत, आणि संशोधकाने त्यांपैकी आपण कोणत्यावर उभे आहोत हे आधीच सांगायला हवे.

पहिले उत्तर पॉल गोल्डस्मिथ-पिंकहॅम, आयझॅक सॉर्किन आणि हेन्री स्विफ्ट यांनी २०२० मध्ये मांडले. त्यांच्या मते वाटे हेच खरे साधन, आणि राष्ट्रीय दर केवळ कोणत्या उद्योगाला किती वजन द्यायचे ते ठरवतात. येथे गृहीतक असे, की शहरातील तेलउद्योगाचा सुरुवातीचा वाटा तिथल्या मजुरपुरवठ्यातील पुढील बदलांशी निगडित नसावा. प्रत्येक उद्योगाचे हे वजन काढता येते. बार्टिक पद्धतीने अमेरिकेतील १९८० नंतरच्या जनगणनांचा हिशोब त्यांनी तपासला, तेव्हा तेल व वायू उत्खननाला सर्वांत मोठे वजन मिळाले. हिशोबात सव्वादोनशेच्या आसपास उद्योग असूनही निष्कर्षाचा मोठा भार तेलप्रदेश आणि इतर प्रदेश यांच्या तुलनेवर होता.

हे कळले की शंका नेमक्या ठिकाणी घेता येते. टेक्सास हे तेलाचे राज्य आहे, शिवाय ते मेक्सिकोला लागून आहे. स्थलांतरामुळे तिथे कामगार वाढत असतील, तर तेलाच्या वाट्याचा संबंध पुरवठ्याशीही जुळतो आणि साधन दूषित होते. म्हणून जास्त वजनाच्या उद्योगांचे वाटे त्या प्रदेशांतील शिक्षण, स्थलांतरितांचे प्रमाण यांच्याशी जोडलेले आहेत का, आणि धक्क्याच्या आधीच्या काळातही असे प्रदेश वेगळ्या दिशेने चालले होते का, हे तपासावे लागते. आधीपासूनच मजुरी वेगळी हलत असेल, तर नंतरच्या फरकाचे श्रेय धक्क्याला देता येत नाही. ही तपासणी न करता वापरलेले साधन म्हणजे केवळ आशेवर केलेले विधान होय.

दुसरे उत्तर किरील बोरुस्याक, पीटर हल आणि झेवियर जराव्हेल यांचे, २०२२ मधले. त्यांच्या मते वाटे शहराच्या इतर गुणांशी जोडलेले असले तरी चालते. अट एवढीच, की कोणत्या उद्योगाला कोणता राष्ट्रीय धक्का बसला हे जणू चिठ्ठी टाकून ठरल्यासारखे असावे. पण मग असे धक्के भरपूर हवेत, ते परस्परांपासून बऱ्यापैकी स्वतंत्र हवेत, आणि एकाही उद्योगाचे एकूण वजन फार मोठे नको. तेलाच्या एकट्या उद्योगावर उभ्या असलेल्या हिशोबाला हा युक्तिवाद तारू शकत नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चिनी आयातीवरचा डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांचा २०१३ चा अभ्यास. अमेरिकेतील ७२२ श्रमबाजार प्रदेशांचे उद्योग-वाटे त्यांनी घेतले. धक्का म्हणून अमेरिकेतील चिनी आयातीऐवजी इतर आठ श्रीमंत देशांतील चिनी आयातीची वाढ वापरली, म्हणजे अमेरिकी ग्राहकांच्या मागणीतले चढउतार बाजूला राहतात. मात्र चिनी आयातीचा धक्का फक्त कारखानदारीला बसतो. ज्या प्रदेशात कारखाने जास्त तिथे साधन आपोआप मोठे होते, आणि कारखानी प्रदेश आधीपासूनच घसरणीच्या वाटेवर असू शकतात. त्यामुळे प्रदेशातील कारखानदारीचा एकूण वाटा प्रत्येक कालखंडासाठी वेगळा नियंत्रणात घ्यावा लागतो. बोरुस्याक आणि सहकाऱ्यांनी तसे केल्यावर रोजगारावरील परिणामाचा अंदाज लक्षणीय घटला, तरी नाहीसा झाला नाही.

शेवटची अडचण अंदाजाची नव्हे, त्याच्या अचूकतेची आहे. सारखे उद्योग असलेली दोन शहरे एकमेकांपासून हजार किलोमीटर दूर असली, तरी त्यांना एकाच वेळी तेच धक्के बसतात. नेहमीच्या सूत्रांत ती स्वतंत्र मानली जातात, आणि त्रुटी आहे त्यापेक्षा लहान दिसते. रोद्रिगो अदाओ, मिहाल कोलेसार आणि एदुआर्दो मोरालेस यांनी २०१९ मध्ये उद्योगांना संगणकावर बनवलेले निरर्थक धक्के देऊन पाहिले. शंभरात पाच वेळा चुकीचा ‘परिणाम’ दिसावा अशा कसोटीत तो काही मांडण्यांत ५५ वेळांपर्यंत दिसला. त्रुटी मोजताना शहरांऐवजी उद्योगांना एकक धरले की हा फुगवटा बराच आटोक्यात येतो. हिशोबात शहरे ७२२ असली, तरी खरी माहिती धक्के बसलेल्या उद्योगांच्या संख्येइतकीच असते.