नळीत फुंकल्यानंतरचे दोन तास

रात्री साडेबाराची नाकाबंदी. बॅरिकेड तिरके लावून रस्ता एका गाडीपुरता अरुंद केलेला असतो. हवालदार टॉर्च हलवून गाडी बाजूला घ्यायला लावतो, काच खाली होते आणि आतून वास आला की पुढचे वाक्य ठरलेलेच असते, "साहेब, जरा मशीनमध्ये फुंका." या वाक्यानंतरच्या दोन तासांत काय घडते, यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो. बहुतेक चालकांना त्याची कल्पना नसते. त्यामुळे कोणी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावत बसतो, कोणी गाडी वळवून पळायला बघतो, तर कोणी नळी नुसती ओठांत धरून फुंकल्याचे सोंग करतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क एवढी आहे. यंत्र रक्त तपासत नाही, ते फुप्फुसातल्या खोलच्या हवेतला मद्यार्क मोजते. रक्तातला मद्यार्क श्वासात ठरावीक प्रमाणात उतरतो, म्हणून श्वासावरून रक्तातला आकडा काढता येतो. यंत्राला सलग काही सेकंद फुंकलेली लांब हवा लागते ती याचसाठी. नुसत्या तोंडातल्या हवेवर ते 'पुन्हा फुंका' असेच सांगते.

याच कारणाने यंत्राची एक मर्यादाही आहे. नुकताच घोट घेतला असेल, मद्यार्क असलेले खोकल्याचे औषध किंवा माउथवॉश वापरले असेल, तर तोंडात राहिलेला अंश आकडा खोटाच फुगवतो. पंधरा-वीस मिनिटांत तो उडून जातो, रक्तातला मात्र जात नाही. औषध घेतलेल्या चालकाने हे फुंकण्याआधीच सांगावे आणि थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी. कायद्यात एकापेक्षा जास्त नमुने घेण्याची तरतूद आहे. नळी नवी मागावी, पडद्यावरचा आकडा स्वतः पाहावा, छापील पावतीवरची वेळ तपासून घ्यावी. असे मागण्यात उद्धटपणा काही नाही. आवाज चढवला, हात उगारला तर मात्र सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा आणि जास्त जड गुन्हा अंगावर येतो. पैसे पुढे करणे हाही गुन्हाच.

फुंकायला नकार दिला तर पुरावाच राहणार नाही, हा समज सर्रास आढळतो आणि तो महागात पडतो. नकार देणाऱ्याने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असेल, तर पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पोलीस ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी मिळते, डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेतला जाऊ शकतो आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात चालकाच्याच विरोधात धरला जाऊ शकतो. ज्याने खरोखर घेतलेली नाही, त्याला तर नकारातून काहीच मिळत नाही.

आता त्या दोन तासांकडे येऊ. कलम १८५ खाली अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावे लागते. कारण उघड आहे. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने मद्यार्क संपवत असते, म्हणजे उशीर होईल तसा पुरावाच विरत जातो. पुण्यात कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे एका आलिशान गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा अल्पवयीन होता. त्याच्या रक्ताचा नमुना घेईपर्यंत कित्येक तास उलटले होते. पुढे तो नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. एका छोट्याशा कुपीवर किती काही अवलंबून असते, ते त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईच्या एका अपघात खटल्यात डॉक्टरांनी चालकाच्या तोंडाला येणारा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या अशी सगळी लक्षणे नोंदवली होती, पण रक्त किंवा लघवी तपासलीच नव्हती. नुसत्या लक्षणांवरून तो नशेत होता असे म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले. पोलीस आज आकड्याचा आग्रह धरतात, आणि योग्यच करतात.

आकडा ३० च्या वर गेला की चालकाने किल्ली मुकाट द्यावी. शुद्धीत असलेल्या घरच्या माणसाला किंवा मित्राला बोलावून घ्यावे. हा साध्या चलनासारखा जागेवर पैसे भरून मिटणारा गुन्हा नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावेच लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही.

दंडापेक्षा परवान्याचा फटका जास्त जाणवतो. पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवतात. तिथे चालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर पहिल्या वेळी तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो, दुसऱ्या वेळी तो रद्दच होऊ शकतो. निलंबन संपल्यावरही उजळणीचे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना हातात पडत नाही. शिवाय न्यायालयाने दोषी ठरवले तर किमान सहा महिने अपात्रतेचा आदेश वेगळा. जप्तीच्या वेळी मिळणारी पोच पाकिटात ठेवून अनेकजण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गाडी चालवू लागतात. परवाना परत मिळेपर्यंत त्या कागदावर गाडी चालवता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे.

अपघातात कोणाचा जीव गेला, तर हे सगळे मागे पडते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा गाडीखाली चिरडून मृत्यू झाला. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

नाकाबंदी रात्रीचीच असते म्हणून सकाळी धोका टळला असे मात्र कोणी समजू नये. समजा, सत्तर किलो वजनाच्या माणसाने रात्री दहा ते एक या वेळेत साठ मिलिलिटरचे चार पेग व्हिस्की घेतली. एका पेगमध्ये सुमारे वीस ग्रॅम मद्यार्क असतो आणि तो रक्तातला आकडा चाळिसाच्या आसपास चढवतो, म्हणजे पहिल्याच पेगला मर्यादा ओलांडली जाऊ शकते. चार पेगचे मिळून साधारण १७०. सकाळी सात वाजता, नऊ तासांची वजावट करूनही, त्या माणसाच्या रक्तात ३५ च्या जवळपास शिल्लक असते. लिंबूपाणी, कडक कॉफी आणि थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडते, आकडा हलत नाही. लग्नाच्या रात्रीनंतर पहाटे वऱ्हाडाची गाडी घेऊन निघणाऱ्याने हा हिशेब आदल्या संध्याकाळीच करावा आणि परतीसाठी दुसरा चालक ठरवून ठेवावा.