शिल्लक चार्ज आणि सेलांची बरोबरी

इलेक्ट्रिक स्कूटरच्या माहितीपुस्तिकेत ‘स्टेट ऑफ चार्ज’चं शब्दशः मराठी ‘चार्जची स्थिती’ असं केलं, तर वाचणाऱ्याला वाटतं, चार्जिंग चालू आहे की बंद, हे विचारलंय. सांगायचं असतं ते बॅटरीत किती उरलं आहे ते. म्हणून ‘शिल्लक चार्ज’ बरा. मात्र ही टक्केवारी बॅटरीच्या आजच्या क्षमतेची असते. नवी असताना 3 युनिट वीज साठवणारी बॅटरी जुनी होऊन 2.4 युनिटांवर आली, तर 50 टक्के म्हणजे दीड नव्हे, 1.2 युनिट. ही घट दाखवणाऱ्या वेगळ्या आकड्याला ‘उरलेली क्षमता’ म्हणावं. दोन्हीकडे ‘स्थिती’ लिहिली की घोटाळा ठरलेला.

‘सेल बॅलन्सिंग’ला ‘सेल संतुलन’ चालेल, पण त्यातून काय घडतं ते कळत नाही. समजा, लिथियम आयर्न फॉस्फेटचे 16 सेल एकामागे एक जोडलेत. त्यातला एक 3.65 व्होल्टला आधी पोचला की बाकीचे अपुरे असूनही नियंत्रक सर्किट चार्जिंग थांबवतं. मग त्या पुढे गेलेल्या सेलमधली थोडी वीज रोधकातून उष्णतेच्या रूपात घालवतात आणि इतरांना भरायला वाव देतात. माझी पसंती ‘सेल बरोबरीत आणणे’ला. हे काम बहुधा चार्जिंगच्या शेवटी, संथपणे होतं, त्यामुळे पुस्तिकेत ‘अधूनमधून पूर्ण चार्ज करा’ एवढंच न लिहिता ‘पूर्ण झाल्यावरही थोडा वेळ प्लग राहू द्या’ हेही लिहायला हवं.