एम बारा, पन्नास, आणि पुढे?

भोसरी एमआयडीसीतलं फास्टनरचं गोडाऊन. छतापर्यंत रॅक, रॅकवर खोके, आणि खोक्यांच्या पुठ्ठ्याला झिरपलेल्या तेलाचा वास. दाराजवळच्या टेबलावर कॉम्प्युटरपुढे बसलेली ताई घाऊक विक्रीची यादी नव्यानं लिहिते आहे. तिच्या शेजारी स्टोअरचे काका उभे आहेत, चष्मा कपाळावर, हातात व्हर्निअर. मी स्टूल ओढून मध्ये बसलोय.

पडद्यावर जुनी नोंद उघडी आहे: हेक्स बोल्ट, एम १२, ५० मिमी, ८.८, झिंक, दर प्रति नग. एवढंच. ज्यानं लिहिली त्याला ती पुरेशी वाटली असणार, कारण त्याच्या डोळ्यांपुढे खोका होता. घेणाऱ्यापुढे तो नसतो.

"हाफ थ्रेड की फुल थ्रेड?" काका विचारतात.

ताई खोक्यातून एक बोल्ट काढते. आटे टोकापासून थेट डोक्याखालपर्यंत गेलेत, म्हणजे फुल थ्रेड. ती तसं टाइप करते. काकांचं मात्र तेवढ्यानं भागत नाही, त्यांना कारणही सांगायचंय. एम १२चा ५० मिमीचा हाफ थ्रेड बोल्ट असेल तर त्याला ३० मिमी आटे आणि डोक्याखाली २० मिमी गुळगुळीत दांडा. लांबी डोक्याखालून मोजायची, हे धरूनच. आता फिटरनं सहा-सहा मिमीच्या दोन पट्ट्या जोडायला तो घेतला, वर एक वॉशर टाकला, तरी सगळं मिळून पंधराच्या आतच. नट फिरत फिरत दांड्यापाशी येऊन अडतो. हाताला वाटतं घट्ट बसलं, आणि पट्ट्या मात्र खुळखुळत राहतात. "मग फोन येतो, तुमचा नटच खराब आहे म्हणून," काका म्हणतात. याच्या उलट, जोडावर आडवा भार येणार असेल तर पार्टीला मुद्दाम हाफ थ्रेड हवा असतो, म्हणजे भार आट्यांवर न येता भरीव दांड्यावर येतो. दोन्ही बोल्ट ‘एम १२, ५०’च, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

ताई आता व्हर्निअर घेते. आट्यांवर लावल्यावर ११.८५ येतं. ती क्षणभर थांबते, पण एम १२च लिहिते. बरोबर आहे. एम १२चा बाहेरचा व्यास बारापेक्षा किंचित कमीच ठेवतात, नाहीतर नट चढणार नाही. मग आट्यांचा गेज लावून पिच बघते, १.७५. हीही लिहायची, कारण बारीक आट्यांचा १.२५चा एम १२सुद्धा बाजारात आहे. मग डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू व्हर्निअरच्या जबड्यात धरते. १८.८२.

"एकोणीसचा पाना," काका म्हणतात. "आता त्या खालच्या खोक्यातला बघ."

खालच्या खोक्यावर तेच लेबल, तोच रॅक नंबर, फक्त बनवणारा दुसरा. व्हर्निअर दाखवतो १७.८९. म्हणजे अठराचा पाना. जुन्या डीआयएन ९३३ प्रमाणे एम १२च्या डोक्याला १९चा पाना लागतो, आयएसओ ४०१७ प्रमाणे १८चा. आपल्याकडे दोन्ही तऱ्हेचा माल फिरतो. ताकदीत फरक नाही, ८.८ म्हणजे ८.८च. पण ज्या कारखान्यात लाईनवर १९चा सॉकेट लावलेला आहे तिथं अठराचं डोकं त्यात सैल बसतं आणि जोर लावला की कडा गोल होतात. उलट झालं तर सॉकेट चढतच नाही. परत आलेल्या एका मालाची थप्पी काका हातानं दाखवतात. कारण हेच.

आणि गोष्ट पान्यावर थांबत नाही. इथे नग वजनावर मोजतात: नमुन्याचे काही नग काट्यावर ठेवून एका नगाचं वजन घ्यायचं, मग खोका भरायचा. एकोणीसच्या डोक्याचा बोल्ट साधारण ५३ ग्रॅमचा, अठराच्या डोक्याचा त्याहून जवळजवळ २ ग्रॅम हलका. काटा एकोणीसच्या नमुन्यावर लावलेला असताना अठराचा माल भरला, तर शंभराच्या खोक्यात तीन-चार नग फुकट जातात. उलट झालं तर तितकेच कमी पडतात, आणि मग भांडण. ताई एका नोंदीच्या दोन नोंदी करते. माझ्या मते सकाळभरातलं हेच सगळ्यात मोलाचं काम.

मग कमीत कमी ऑर्डर. खोका शंभर नगांचा, साडेपाच किलोला थोडा कमी. कमीत कमी २०० नग आणि पुढे शंभराच्या पटीत, असं ठरतं. खोका फोडून सुटे मोजायला एक माणूस अडकतो, त्याची मजुरी दोन-तीनशे रुपयांच्या बिलात कुठून निघणार? पिवळ्या झिंकचा प्रश्न वेगळा आहे. तो तयार ठेवत नाहीत, मागणी आली की करून घेतात, आणि यांचा प्लेटिंगवाला ५० किलोखाली लॉट घेत नाही. ताई भागाकार करते: ५० किलो भागिले ५३ ग्रॅम, नऊशे चव्वेचाळीस नग. कमीत कमी १०००, आणि मुदत वेगळी. शेजारच्याच मालाला २०० आणि याला १००० का, हे एका ओळीत लिहून टाकायला काका सांगतात. नाहीतर प्रत्येक पार्टी घासाघीस करणार.

शेवटी दर. मालकांनी कागदावर लिहून दिलेत, जीएसटी सोडून: ४०० नगांपर्यंत ९.८०, ५०० ते १९०० पर्यंत ९ रुपये, २००० पासून पुढे ८.५०. ताई टाइप करते आणि कॅल्क्युलेटर ओढते. ४०० नगांचे ३,९२०, ५०० नगांचे ४,५००. ठीक. पुढचा टप्पा: १९०० नगांचे १७,१००, आणि २००० नगांचे १७,०००.

"काका, हे उलटं झालं हो."

शंभर बोल्ट जास्त घेणाऱ्याला शंभर रुपये कमी! ज्यानं १९०० घेतले त्याला पुढे कधीतरी हे कळणार आणि तो बोंब मारणार. खालच्या टप्प्यावर अडचण आली नाही, कारण चारशेवरून पाचशेवर जाताना एक खोका म्हणजे मोठी उडी आहे. एकोणीसशेवरून दोन हजारांवर जाताना तोच खोका म्हणजे जेमतेम पाच टक्के. तिथे नऊ रुपयांवर पंचेचाळीस पैशांपेक्षा कमीच सूट देता येते, आणि मालकांनी पन्नास दिली. काका आत जाऊन विचारून येतात. ८.६०. दोन हजारांचे १७,२००. बसलं.

ताई शेवटची ओळ लिहिते: डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण आहे, टेस्ट सर्टिफिकेट लॉटप्रमाणे मिळेल. सर्टिफिकेटची फाईल समोर उघडून बघितल्यावरच लिहिते. पुढचा खोका एम १६चा आहे.

घाऊक माल मागवणाऱ्यांनी मागणीत हाफ की फुल थ्रेड, पिच आणि डोक्याचा पाना एवढं तरी लेखी घालावं. आणि पुढच्या दराला एखादाच खोका कमी पडत असेल, तर दोन्ही बेरजा आधी करून बघाव्यात.