‘नोकरी जाणार नाही’ एवढं पुरेसं नसतं

१७ सप्टेंबर २०१८ला केंद्र सरकारने बँक ऑफ बडोदा, विजया बँक आणि देना बँक या तीन सरकारी बँका एकत्र करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. तिन्ही मिळून सुमारे ८५ हजार कर्मचारी. त्यांतल्या बहुतेकांना ही बातमी ग्राहकांबरोबरच, टीव्हीवरून समजली. शेअर बाजारात नोंद असलेल्या संस्थेत असं होणं अटळ असतं. भावावर परिणाम करणारी माहिती बाजाराला कळायच्या आधी शेकडो जणांच्या हाती गेली, तर आतल्या माहितीवर शेअर-व्यवहार होण्याचा धोका असतो. म्हणून कर्मचाऱ्यांना आधी सांगता येत नाही. बाजाराला कळवल्यानंतर मात्र काही मिनिटांत त्यांच्या हाती पत्र पडावं, एवढी तयारी करून ठेवता येते.

त्या पत्रात पहिल्यांदा यायला हवं ते कारण. इथे ते स्पष्ट होतं. मुंबईत मुख्यालय असलेल्या देना बँकेच्या निव्वळ बुडीत कर्जांचं प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं होतं आणि रिझर्व्ह बँकेने तिच्या नव्या कर्जवाटपावर व नोकरभरतीवर निर्बंध घातले होते. विजया बँकेत हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन सशक्त बँकांच्या आधाराने तिसरी सावरायची, असा हिशेब होता. देनाच्या कर्मचाऱ्याला त्यातून एक गोष्ट उमगत होती : बँक होती तशीच चालू राहणं हाही काही सुरक्षित पर्याय नव्हता. विजयाच्या कर्मचाऱ्याचा प्रश्न वेगळा होता. आमची बँक धडधाकट असताना आम्हीच का? एकच मजकूर दोघांना पाठवला, तर एकाला दिलासा मिळतो आणि दुसऱ्याचा राग वाढतो. कर्मचारी संघटनांनी डिसेंबरमध्ये विलीनीकरणाविरोधात संपही केला.

नोकरीबद्दलचं आश्वासन कागदावर आलं ते योजनेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तेव्हा, २ जानेवारी २०१९ला. कायम आणि नियमित कर्मचारी बँक ऑफ बडोदाचे कर्मचारी होतील, त्यांचं वेतन आणि भत्ते आधीपेक्षा कमी असणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. ही वाक्यं शब्द न् शब्द वाचावी लागतात. ‘कायम आणि नियमित’ या शब्दांत कंत्राटी सफाई कामगार किंवा एजन्सीमार्फत आलेला सुरक्षारक्षक येत नाही. वेतनाची हमी म्हणजे त्याच गावात, त्याच खुर्चीवर राहण्याची हमी नव्हे. एकाच रस्त्यावर दोन शाखा असतील, तर एक बंद होऊन दुसरीत मिसळू शकते. अशा वेळी नोकरी शाबूत राहते, पण बदली होते. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, घराचा हप्ता हे सगळं त्या बदलीवर अवलंबून असतं.

म्हणूनच चांगल्या पत्रात उत्तरांचे तीन गट वेगळे दिसतात : ठरलेलं, न ठरलेलं आणि कुणाच्या अधिकारातलं ते. समजा, एखाद्या क्लार्कने विचारलं, ‘माझी सेवाज्येष्ठता कशी धरणार?’ ‘कुणावरही अन्याय होणार नाही’ या उत्तराने त्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘आधीची सेवा सलग धरली जाईल. बढतीसाठी तिन्ही बँकांची एकत्रित यादी कशी लावायची हे अजून ठरलेलं नाही. संघटनांशी चर्चा करून अमुक तारखेपर्यंत परिपत्रक निघेल. तोवर विभागीय कार्यालयातल्या एच.आर. अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा,’ हे उत्तर लांबलचक आहे, पण त्याच्या भरवशावर थांबता येतं. दिलेली तारीख हुकली, तर पुढची तारीख त्याच दिवशी कळवायला हवी. नाहीतर पोकळी अफवांनी भरते.

वेळापत्रकातही एक गफलत नेहमी होते. १ एप्रिल २०१९ला तिन्ही बँका कायद्याने एक झाल्या, पण संगणक प्रणाली त्या दिवशी एक झाल्या नव्हत्या. मध्ये कोविडची साथही आली आणि देनाच्या शाखा नव्या प्रणालीवर पूर्णपणे आल्या त्या डिसेंबर २०२०मध्ये. तोवर जुन्या शाखेतल्या कर्मचाऱ्याला नव्या बँकेच्या पाटीखाली जुन्याच पद्धतीने काम करावं लागलं. त्यामुळे पत्रात कायदेशीर विलीनीकरणाची तारीख आणि प्रत्यक्ष काम एकत्र होण्याची तारीख वेगवेगळी द्यायला हवी. दुसरी पक्की नसेल, तर अंदाज म्हणूनच द्यावी.

उत्तर कुठे शोधायचं, हे टप्प्याप्रमाणे बदलतं. सुरुवातीला शाखाप्रमुखाकडे प्रश्नोत्तरांचा कागद असावा लागतो, कारण पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. योजना मंजूर झाल्यावर तिचा मूळ मजकूर हाच आधार. त्यातलं कर्मचाऱ्यांविषयीचं कलम प्रत्येकाने वाचावं. प्रणाली बदलण्याआधी शिल्लक रजा, भविष्य निर्वाह निधीचा खातेउतारा, नामनिर्देशन आणि सेवापुस्तिकेतल्या नोंदी यांच्या प्रती स्वतःजवळ घेऊन ठेवाव्यात. जुनं संकेतस्थळ बंद झालं आणि नव्या नोंदीत पंधरा दिवसांची रजा कमी दिसली, तर तक्रारीसोबत जोडायला त्याच प्रती कामी येतात.