दक्षिणेची खिडकी आणि मे महिन्यातली तुळस

आमच्या पुण्यातल्या सदनिकेत दक्षिणेच्या खिडकीत तुळशीची कुंडी होती. डिसेंबर-जानेवारीत ती छान दाट झाली. एप्रिल उजाडला तशी पानं लहान, फिकी होऊ लागली, दोन पेरांमधलं अंतर वाढलं आणि शेंडे गजाकडे वाकले. आम्ही म्हटलं, उन्हाळ्याचा ताप सोसत नाही. म्हणून पाणी वाढवलं. मेअखेर मुळं कुजून तुळस गेली. खरं तर तिला ऊन जास्त नव्हे, फार कमी मिळत होतं. ऐन उन्हाळ्यात, तेही दक्षिणेच्या खिडकीत!

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत दक्षिणेची खिडकी सर्वांत उजेडाची असं लिहिलेलं असतं. लंडनसाठी ते बरोबर आहे. तिथे जूनमध्येही भर दुपारी सूर्य दक्षिणेकडेच, क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर असतो. पुण्याचा अक्षांश आहे साडेअठरा. इथे मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस आपण मुलांना दाखवतोच) आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत तो दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातच राहतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही.

पण आमच्या तुळशीचं ऊन तर मार्चमध्येच बंद झालं होतं. ते केलं खिडकीवरच्या छज्जाने. गणित सोपं आहे, वर्गातही करता येईल. खिडकीची उंची १२० सेंटिमीटर. तिच्या वरच्या कडेला लागूनच भिंतीभर लांब छज्जा, ४५ सेंटिमीटर पुढे आलेला. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीला सूर्याची उंची ९० वजा साडेअठरा वजा साडेतेवीस, म्हणजे ४८ अंश. या कोनाचा टॅन्जंट सुमारे १.१, म्हणून छज्जाची सावली खिडकीवर ५० सेंटिमीटर खाली उतरते. उरलेल्या ७० सेंटिमीटरमधून ऊन आत येतं आणि थेट कुंडीवर पडतं. २१ मार्चला सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर जातो. आता टॅन्जंट जवळजवळ ३, सावली १३५ सेंटिमीटर. म्हणजे सगळी खिडकी सावलीत! तिथून थेट २३ सप्टेंबरपर्यंत तिच्यात सूर्य दिसत नाही. अशी खिडकी सहा महिने उन्हाची आणि सहा महिने सावलीची.

म्हणून या खिडकीत वर्षभर एकच झाड ठेवू नये. हिवाळ्यात तुळस किंवा शेवंती ठेवावी. मार्चमध्ये त्या कुंड्या पूर्वेकडे हलवून जागी मनीप्लांट आणावा.

पूर्व आणि पश्चिम या खिडक्यांत मात्र बाराही महिने ऊन येतं, कारण सकाळ-संध्याकाळचा खाली असलेला सूर्य छज्जाखालून आत शिरतो. दोन्हीकडे ऊन जवळपास सारखंच, पण पश्चिमेचं ऊन येतं तेव्हा भिंती आणि हवा आधीच तापलेली असते. एप्रिलमध्ये तिथे नाजूक पानं भाजतात. कोरफड, सदाफुली, बोगनवेल तिथे तग धरतात. तुळस, पुदिना पूर्वेला खूष असतात. उत्तरेच्या खिडकीत मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन येतं, एरवी फक्त आकाशाचा उजेड. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट यांना तेवढा पुरतो. फुलझाडं तिथे ठेवून फुलांची वाट पाहू नये.

अर्थात समोर दहा फुटांवर दुसरी इमारत असेल तर दिशेचा हिशेब कोलमडतो. डोळ्यांवर विसंबू नये. अंधुक खोलीत बाहुली मोठी होते आणि उजेड पुरेसा वाटतो. त्यापेक्षा कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्या वर वीतभर अंतरावर हात धरावा. कडा रेखीव दिसल्या तर थेट ऊन, सावली पुसट पण ओळखू येणारी असेल तर मनीप्लांटपुरता उजेड. सावलीच दिसत नसेल तर तिथे झाड नको. ही चाचणी डिसेंबरात, मार्चमध्ये आणि मेमध्ये, अशी तीनदा करावी.

झाडही सांगतंच. उजेड कमी पडला की पेरं लांबतात, पानं फिकी पडतात, झाड खिडकीकडे झुकतं. ऊन जास्त झालं तर खिडकीकडच्याच पानांवर कोरडे तपकिरी डाग पडतात, मागची पानं हिरवी राहतात. पहिल्या प्रकारात पाणी वाढवणं घातक. उजेड कमी असला की झाड पाणीही कमी ओढतं आणि माती ओलीच राहते. आमची नवी तुळस आता मार्च ते सप्टेंबर स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत असते.